सामान्य अध्ययनाच्या पेपरात जुने किती, ताजे किती?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत 2017 साली सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात एक प्रश्न आला होता. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकाच वेळी घेतल्या तर वेळ आणि पैसा वाचेल, पण सरकारचे जनतेला असलेले उत्तरदायित्व कमी होईल, या विधानाची चर्चा करा, असा त्याचा आशय होता. सात वर्षांनी, 2024 मध्ये, त्याच पेपरात विचारले गेले की विविध समित्यांनी सुचवलेल्या निवडणूक सुधारणांची गरज 'एक देश, एक निवडणूक' या तत्त्वाच्या विशेष संदर्भात तपासा. विषय एकच. पण 2017 च्या उमेदवाराने वर्तमानपत्रातून जमवलेली माहिती 2024 च्या उमेदवाराला जवळजवळ निरुपयोगी होती, आणि त्याने पुस्तकातून केलेली तयारी जशीच्या तशी उपयोगी पडणारी होती. वर्णनात्मक पेपरची तयारी करताना हा फरक लवकर लक्षात आला तर अभ्यासाचे कितीतरी महिने वाचतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न आता अधिक जवळचा झाला आहे. बरीच वर्षे वस्तुनिष्ठ पद्धतीने होणारी राज्यसेवा मुख्य परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2025 पासून वर्णनात्मक केली. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी 250 गुणांचे. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लागलेल्या मुलांना आता दीडशे ते अडीचशे शब्दांत उत्तर लिहायचे आहे. अभ्यासिकांमध्ये त्यामुळे एकच चर्चा ऐकू येते: 'स्टॅटिक' किती करायचे आणि 'करंट' किती?

या प्रश्नाची रचनाच मला चुकीची वाटते. ती गृहीत धरते की काही प्रश्न स्थिर असतात, काही चालू घडामोडींचे असतात, आणि त्यांचे प्रमाण काढले की अभ्यासाचे तास वाटून देता येतात. प्रत्यक्षात मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका नीट वाचल्या तर दिसते की ही फाळणी दोन प्रश्नांमध्ये होत नाही, ती एकाच प्रश्नाच्या आत होते. विषय कोणता निघणार हे बहुतेक वेळा बातमी ठरवते. त्याचे उत्तर मात्र जुन्या, पक्क्या माहितीवर उभे असते. म्हणून जुने प्रश्न वाचताना आपण शोधायचे ते हे, की कोणत्या स्थिर मुद्द्यावर बातमीचा उजेड पुन्हा पुन्हा पडतो.

2024 च्या त्याच पेपरातला मालदीवचा प्रश्न बघा. जागतिक व्यापार आणि ऊर्जावाहतूक यांवर भर देऊन भारतासाठी मालदीवचे भूराजकीय आणि सामरिक महत्त्व सांगा, असे विचारले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथे सत्तापालट झाला, नव्या अध्यक्षांनी भारतीय लष्करी कर्मचारी परत पाठवण्याची भूमिका घेतली आणि 2024 चे पहिले काही महिने त्या बातम्यांनी भरून गेले. प्रश्न पडण्याचे कारण ते. पण प्रश्नात काय मागितले आहे? मिनिकॉय आणि मालदीव यांच्यामधली आठ अंश खाडी, तिच्या परिसरातून जाणारे तेलवाहू जहाजांचे मार्ग, 1988 मध्ये बंड मोडण्यासाठी भारताने केलेली लष्करी कारवाई, हिंदी महासागरातली चीनची उपस्थिती. यातले बहुतेक सगळे दहा वर्षांपूर्वीच्या नोट्समध्येही सापडले असते. ज्यांनी तिथल्या राजकीय वादाची तपशीलवार टाचणे काढली होती, त्यांना त्यातून जेमतेम एक-दोन वाक्ये वापरता आली असतील.

आता एक प्रकरण घेऊन हे काम प्रत्यक्ष कसे करायचे ते पाहू. निवडणुकांचे प्रकरण त्यासाठी चांगले आहे, कारण तिथे दोन्ही प्रकारचे प्रश्न भरपूर आले आहेत. केंद्रीय आयोगाचा सध्याचा अभ्यासक्रम 2013 पासूनचा आहे, म्हणून तेव्हापासूनच्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या. अभ्यासक्रमाची प्रत शेजारी ठेवायची. दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात लोकप्रतिनिधित्व कायद्याची ठळक वैशिष्ट्ये अशी एक स्वतंत्र ओळ आहे, आणि घटनात्मक पदांवरील नेमणुका व घटनात्मक संस्थांचे अधिकार अशी दुसरी. एका कोऱ्या ए-फोर कागदावर या ओळी लिहायच्या आणि त्यांच्याखाली संबंधित प्रश्न वर्षासह उतरवायचे. छापील संच वापरला तरी उतरवणे हातानेच करावे असे मी आग्रहाने सांगेन. हाताने लिहिताना प्रश्नातली क्रियापदे आणि 'अलीकडील', 'या पार्श्वभूमीवर' असे शब्द डोळ्यांत भरतात. वाचताना ते निसटतात.

कागदावर साधारण असे चित्र उभे राहते. 2017 मध्ये दोन प्रश्न: एक एकत्र निवडणुकांचा, दुसरा निवडणूक आयोगाने 2016 मध्ये सुचवलेल्या सुधारणांचा. 2018 मध्ये मतदान यंत्रांवरील अलीकडच्या वादाच्या संदर्भात आयोगापुढची आव्हाने. 2019 मध्ये लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 नुसार लोकप्रतिनिधी कोणत्या कारणांनी अपात्र ठरतो आणि त्यावर उपाय काय. 2020 मध्ये भ्रष्ट आचरणाबद्दल दोषी ठरलेल्यांना अपात्र करण्याची पद्धत सोपी करण्याची गरज. 2022 मध्ये पुन्हा दोन: आदर्श आचारसंहितेच्या वाटचालीच्या प्रकाशात आयोगाची भूमिका, आणि निवडणूक विवाद सोडवण्याची पद्धत. 2024 मध्ये एकत्र निवडणुका. 2025 मध्ये भ्रष्ट आचरण म्हणजे काय, आणि लोकप्रतिनिधींच्या संपत्तीत ज्ञात उत्पन्नाशी विसंगत वाढ झाली तर ते त्यात मोडेल का.

आता दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. प्रश्नाचा जो भाग पाच वर्षांपूर्वी विचारला असता तरी उत्तर तेच राहिले असते, त्याखाली निळी रेघ. ज्या भागाचे उत्तर गेल्या दोन वर्षांत बदलले, त्याखाली लाल. 2019, 2020 आणि 2022 चा विवादांचा प्रश्न जवळजवळ संपूर्ण निळे होतात. 2018 चा यंत्रांचा प्रश्न निम्मा लाल. 2024 च्या प्रश्नात लाल रेघ फक्त 'एक देश, एक निवडणूक' या शब्दांखाली येते. 'विविध समित्या' आणि 'सुधारणांची गरज' यांच्याखाली निळीच. आठ-नऊ प्रश्नांच्या या एका कागदावरून कळते की 1951 चा कायदा दोन-तीन वर्षांच्या अंतराने थेट, कोणत्याही बातमीशिवाय विचारला जातो, आणि निवडणूक आयोगाचे प्रश्न मात्र बहुधा एखाद्या वादाच्या पाठोपाठ येतात. एकाच प्रकरणातले हे दोन मुद्दे वेगळ्या पद्धतीने तयार करायला हवेत, हे कोणत्याही टक्केवारीतून कळले नसते.

2025 चा प्रश्न यात थोडा फसवा आहे. संपत्तीतील विसंगत वाढ हे शब्द वाचून तो ताज्या बातमीवरचा वाटतो. उत्तराचा आधार मात्र फेब्रुवारी 2018 मधल्या लोकप्रहरी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि कायद्याचे कलम 123 हा आहे. उमेदवाराने संपत्ती आणि उत्पन्नाचे स्रोत उघड न करणे हा 'अनुचित प्रभाव' ठरतो, असे त्या निकालाने म्हटले. सात वर्षांपूर्वीचा निकाल एव्हाना चालू घडामोड राहिलेला नाही. तो कायद्याच्या पुस्तकाचा भाग झाला आहे. वर्षभराचीच मासिके वाचणाऱ्याला तो दिसणार नाही.

निळ्या भागाची टाचणे एकदाच, पण कसून काढावी लागतात. निवडणूक विवादापुरते बघू. राज्यघटनेचे कलम 329 सांगते की संसद किंवा विधिमंडळाच्या निवडणुकीला फक्त निवडणूक याचिकेद्वारेच आव्हान देता येते. सुरुवातीला या याचिका निवडणूक न्यायाधिकरणांपुढे चालत; 1966 मध्ये हे अधिकार उच्च न्यायालयांकडे आले. निकाल जाहीर झाल्यापासून 45 दिवसांत याचिका दाखल करावी लागते. उच्च न्यायालयाने ती शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. निवडणूक रद्द होण्याची कारणे कलम 100 मध्ये आहेत: उमेदवार मुळात पात्र नसणे, भ्रष्ट आचरण, उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला जाणे, आणि काही त्रुटींमुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम होणे. हे सगळे मिळून अर्धे पान होते. पण एवढे अर्धे पान पक्के असेल तर 2022 चा पंधरा गुणांचा प्रश्न वर्तमानपत्र न उघडताही लिहिता येतो. सहा महिन्यांची अपेक्षा आणि प्रत्यक्षात लागणारी वर्षे यांतली तफावत हीच त्यातली टीका. तीही जुनीच आहे.

लाल भागाची टाचणे याच कागदाच्या उजव्या समासात ठेवावीत, वेगळ्या वहीत कधीच नाही. माझा हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. चालू घडामोडींची वेगळी वही केली की ती महिन्यांप्रमाणे वाढत जाते. फेब्रुवारीतला निकाल एका पानावर, जुलैतला कायदा दुसऱ्या, आणि परीक्षेच्या आधी ते एकमेकांशी जोडायला वेळच उरत नाही. समासात जागा कमी असते, म्हणून निवड करावी लागते. एका घडामोडीसाठी तीन ओळी पुरतात: काय झाले आणि कोणत्या तारखेला, त्यामुळे डावीकडचे काय बदलले, आणि त्यावर मुख्य आक्षेप कोणता. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर ती बातमी अजून समजलेली नाही. दुसरी ओळ लिहिता येत नसेल, म्हणजे डावीकडे काहीच बदलले नसेल, तर ती बातमी बहुधा टाकून देण्यासारखी आहे.

समासातला मजकूर टिकत नाही हे मतदान यंत्रांच्या उदाहरणात चांगले दिसते. डावीकडची बाजू अशी: 1982 मध्ये केरळमधल्या परूर मतदारसंघात यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली, कायद्यात तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो वापर अमान्य केला, मग संसदेने 1951 च्या कायद्यात कलम 61 अ घातले. 2013 मध्ये न्यायालयाने कागदी पडताळणीची, म्हणजे व्हीव्हीपॅटची, गरज मान्य केली. 2018 च्या उमेदवाराच्या समासात त्यावेळचा यंत्रांवरचा वाद असणार. 2019 मध्ये न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांची पडताळणी करायला सांगितले, म्हणजे समास बदलला. 26 एप्रिल 2024 ला सगळ्या चिठ्ठ्यांच्या पडताळणीची मागणी न्यायालयाने फेटाळली, तेव्हा तो पुन्हा बदलला. डावी बाजू तीच राहिली. 2018 चे एखादे तयार उत्तर पाठ करून कोणी 2026 मध्ये बसला तर डावीकडचे तीन मुद्दे बरोबर येतील, उजवीकडचा एक शिळा निघेल, आणि परीक्षकाला नेमका तोच खटकेल.

मात्र डावी बाजू कधीच हलत नाही असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, आणि ती हुशार मुलांकडून जास्त होते. निवडणूक आयुक्तांची नेमणूक हे उत्तम उदाहरण. अनेक वर्षे पुस्तकात एवढेच होते की राष्ट्रपती ती करतात, आणि यासाठी संसदेने कायदा केलेला नाही. 2 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने शिफारस करावी. तेव्हा ही समासातली गोष्ट होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि समितीत सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेले केंद्रीय मंत्री आले. आता कायदा ही डावीकडची, पायाची गोष्ट झाली. न्यायालयाचा निकाल त्या कायद्याची पार्श्वभूमी म्हणून त्याच्याशेजारी गेला. समासात उरला तो या कायद्याला दिलेल्या आव्हानाचा भाग. निवडणूक रोख्यांचा प्रवास याच्या उलट झाला. 2018 ची ही योजना काही वर्षे निवडणूक निधीच्या स्थिर टाचणांत असायची, 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि आता ती डावीकडे फक्त भूतकाळात लिहायची आहे.

म्हणून दर तीन-चार महिन्यांनी समास तपासून मजकूर तीन ठिकाणी पाठवावा लागतो: कायदा किंवा अंतिम निकाल झाला असेल तर डावीकडे, अजून चर्चा चालू असेल तर तिथेच, आणि मागे काहीच उरले नसेल तर कचऱ्यात. कचऱ्यात टाकताना जीव तुटतो, कारण ती ओळ आपण मेहनतीने लिहिलेली असते. पण समासात चार ताज्या ओळी असणे चाळीस शिळ्या ओळी असण्यापेक्षा खूप बरे.

2024 च्या प्रश्नाचे उत्तर आता प्रत्यक्ष बांधून पाहू. पेपर तीन तासांचा, वीस प्रश्नांचा; दहा गुणांच्या प्रश्नाला साधारण 150 शब्द आणि पंधरा गुणांच्या प्रश्नाला 250. दहा प्रश्नांना सात-सात मिनिटे आणि उरलेल्या दहांना अकरा-अकरा मिनिटे दिली तर बरोबर 180 मिनिटे होतात, वाचायला वेगळा वेळ राहत नाही. म्हणजे हे उत्तर सात मिनिटांत लिहायचे आहे.

पहिल्या वाक्यातच गरज सांगायची: गुन्हेगारीकरण, पैशाचे बळ आणि सततच्या निवडणुका. मग समित्या. गोस्वामी समिती, 1990, आयोगाच्या अधिकारांसह व्यापक सुधारणांसाठी. व्होरा समिती, 1993, गुन्हेगार आणि राजकारणी यांच्या साटेलोट्यासाठी. इंद्रजित गुप्ता समिती, 1998, उमेदवारांना सरकारी साहाय्य देण्यासाठी. विधी आयोगाचा 1999 चा 170 वा अहवाल, ज्यात एकत्र निवडणुकांचाही पुरस्कार होता. यात साठेक शब्द जातात आणि सगळे निळे असतात. पुढे एकत्र निवडणुकांकडे वळताना 1951-52 ते 1967 पर्यंत त्या बहुतांशी एकत्रच होत होत्या, आणि विधानसभा व नंतर 1970 मध्ये लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाल्याने ती साखळी तुटली, हे एका वाक्यात. हेही निळेच.

लाल भाग यानंतर येतो. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर 2023 मध्ये समिती नेमली गेली आणि तिने 14 मार्च 2024 ला अहवाल दिला. आधी लोकसभा आणि विधानसभा, मग शंभर दिवसांच्या आत स्थानिक स्वराज्य संस्था, अशी दोन टप्प्यांची शिफारस. समितीला मत कळवलेल्या 47 पक्षांपैकी 32 अनुकूल, 15 प्रतिकूल. तीस-पस्तीस शब्दांत हे बसते. उरलेल्या शब्दांत आक्षेप: कलम 83 आणि 172 मधली पाच वर्षांची मुदत, मुदतीआधी बरखास्ती झाली तर उरलेल्या काळापुरती निवडणूक, संघराज्याचा समतोल. हे आक्षेप 2017 च्या उत्तरातही लिहिता आले असते. फक्त तेव्हा कोविंद समितीच्या जागी संसदीय स्थायी समितीचा 2015 चा अहवाल आणि नीती आयोगाचे 2017 चे टिपण आले असते.

शब्द मोजले तर दीडशेपैकी लाल भाग एक चतुर्थांशाच्या आसपास भरतो. इतर प्रश्नांत हे प्रमाण वेगळे असेल. पण ज्यांनी फक्त कोविंद अहवाल पाठ केला होता त्यांची उत्तरे 'विविध समित्या' या शब्दांपाशी अडली असणार, हे प्रश्नाच्या रचनेवरूनच दिसते.

याच प्रश्नातून तारखांबद्दलही काही शिकता येते. केंद्रीय मंत्रिमंडळाने कोविंद अहवाल स्वीकारला तो 18 सप्टेंबर 2024 ला, आणि दुसरा पेपर झाला 21 सप्टेंबरला. प्रश्न त्या निर्णयामुळे पडलेला असणे शक्यच नाही. पेपर त्याआधीच छापून तयार असणार. दुसरीकडे 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल 24 ऑगस्टला आला आणि ऑक्टोबरअखेरीस झालेल्या परीक्षेत त्यावर थेट प्रश्न होता, म्हणजे अंतर दोन महिन्यांचे. आणि आयोगाच्या 2016 च्या सूचना त्याच पेपरात जवळपास वर्षभराने विचारल्या गेल्या. जुन्या प्रश्नांसमोर मूळ घटनेची तारीख लिहीत गेले की हे अंतर स्वतःच दिसू लागते. दोन महिन्यांपासून दीडेक वर्षापर्यंतचा पट्टा प्रश्न पडण्यासाठी महत्त्वाचा. शेवटच्या दोन महिन्यांतल्या घडामोडी उत्तरात एखादे वाक्य म्हणून वापरायच्या, त्यांच्यावर स्वतंत्र तयारी करायची नाही. अभ्यासिकांमधली परिस्थिती बहुधा याच्या बरोबर उलट असते. परीक्षा जवळ आली की सगळे ताज्या बातम्यांच्या पुस्तिकांवर तुटून पडतात.

तयारी नीट झाली आहे का हे तपासायची एक रीत मला भरवशाची वाटते. उजवा समास कागदाने झाका आणि मागच्या एखाद्या वर्षाचा प्रश्न लिहून काढा. उत्तर शंभर शब्दांपर्यंतही जात नसेल तर पाया कच्चा आहे, आणि तो आणखी बातम्या वाचून भरणार नाही. मग डावी बाजू झाका आणि फक्त समासावरून लिहून बघा. त्यातूनही पूर्ण उत्तर होत असेल तर समासात पायाभूत माहिती शिरली आहे, ती तिच्या जागी हलवायची वेळ आली आहे.

ही पद्धत सगळ्या पेपरांत सारखी चालत नाही. पहिल्या पेपरातल्या आधुनिक इतिहासात किंवा कला-संस्कृतीत समास जवळजवळ रिकामाच राहतो आणि तसाच राहू द्यावा. शताब्दी किंवा जयंतीच्या निमित्ताने एखादा प्रश्न आला तरी उत्तर इतिहासाचेच असते. तिसऱ्या पेपरातल्या अर्थव्यवस्थेत उलट डाव्या बाजूचीच भाषा दर अर्थसंकल्पाबरोबर थोडी सरकते, तेव्हा तिथे संकल्पना डावीकडे आणि आकडे उजवीकडे असे विभागावे लागते. नीतिशास्त्राच्या चौथ्या पेपरात या विभागणीचा फारसा उपयोग नाही.

राज्यसेवेच्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी आहे. नव्या वर्णनात्मक पद्धतीचे मागील वर्षांचे प्रश्न त्यांच्याकडे अजून पुरेसे नाहीत. केंद्रीय आयोगाच्या प्रश्नपत्रिका त्यांना पायाचे मुद्दे ओळखायला उपयोगी पडतील, पण महाराष्ट्राच्या मुद्द्यांचे कागद त्यांना स्वतःच तयार करावे लागतील. त्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या. डावीकडे: 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती, कलम 243 ट आणि 243 यक नुसार राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्रात त्याची स्थापना 1994, पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन, मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने घातलेली तिहेरी अट, म्हणजे समर्पित आयोग, त्याच्या आधारे आरक्षणाचे प्रमाण ठरवणे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवणे. ही अट महाराष्ट्रातल्याच खटल्यात 4 मार्च 2021 ला लागू झाली. उजवीकडे: मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिथे, तसेच राज्यातल्या इतर अनेक महापालिकांत प्रशासक आले, बांठिया आयोगाचा अहवाल, 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढून चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. यापुढचे टप्पे विद्यार्थ्याने स्वतः तारखेसह भरायचे.

या कागदाखाली आता तीन प्रश्न स्वतः तयार करून लिहावेत. एक संपूर्ण निळा: राज्य निवडणूक आयोगाचे अधिकार आणि मर्यादा. एक मिश्र: मुदत संपल्यावरही निवडणुका न होण्याचे स्थानिक लोकशाहीवर होणारे परिणाम, महाराष्ट्राच्या संदर्भात. आणि एक बातमीने सुचवलेला पण पायावर उभा: मागासवर्गीय आरक्षणाच्या तिहेरी अटीची चर्चा करा. तिसरा प्रश्न आधी सोडवायला घ्यावा, कारण मुलांचा गोंधळ तिथेच सर्वांत जास्त होतो. आयोगांची नावे आणि निकालांच्या तारखा लक्षात असतात, पण पन्नास टक्क्यांची मर्यादा कुठून आली आणि स्थानिक संस्थांना ती कशी लागू झाली हे सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी 2010 चा कृष्णमूर्ती निकाल लागतो. तो डाव्या बाजूला लिहून घ्यावा आणि मग उत्तर पुन्हा लिहावे.